प्लेस्टेशनवरून लॅपटॉपवर: डेस्टिनी २ सोबत नेण्यापूर्वीची तयारी

माझा भाचा घोडबंदर रोडवरच्या घरी गेली काही वर्षे पीएस५ वर डेस्टिनी २ खेळत आला आहे. यंदा त्याला नेरूळच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला, वसतिगृहात कन्सोल नेण्याची परवानगी नाही, आणि अभ्यासासाठी घेतलेल्या लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड सुदैवाने (त्याच्या आईच्या मते दुर्दैवाने) हा गेम चालवण्याइतके चांगले आहे. त्यामुळे “मामा, पैसे पुन्हा भरावे लागतील का?” हा प्रश्न माझ्यापर्यंत आला. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. ठाण्यातून सामान हलण्यापूर्वी आम्ही जी तयारी केली, तिच्याच क्रमाने ते येथे मांडतो.

सर्वप्रथम, तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करून घ्याव्यात, कारण गैरसमज बहुतेक येथेच होतो. क्रॉसप्ले म्हणजे पीएस५ वरचा खेळाडू आणि संगणकावरचा खेळाडू एकाच सामन्यात एकत्र खेळू शकणे. क्रॉस-प्रोग्रेशन म्हणजे आपली पात्रे, शस्त्रे आणि गेममधील प्रगती खात्यामार्फत दुसऱ्या यंत्रावर मिळणे. खरेदीचा हक्क, म्हणजेच लायसन्स, ही तिसरी गोष्ट असून तिचा पहिल्या दोहोंशी काही संबंध नसतो. ते लायसन्स ज्या दुकानातून विकत घेतले त्या दुकानाच्या खात्याला बांधलेले असते. डेस्टिनी २ मध्ये क्रॉस-प्रोग्रेशन २०१९ साली आले आणि क्रॉसप्ले २०२१ साली आले, पण खरेदी सामाईक झाली नाही.

आता आपल्याकडे नेमके काय आहे ते कागदावर उतरवावे. मूळ गेम विनामूल्य असल्यामुळे लॅपटॉपवर तो तसाच उतरवता येतो. पैसे जातात ते विस्तारांचे, ज्यांना खेळाडू एक्स्पान्शन म्हणतात. भाच्याने प्लेस्टेशन स्टोअरवर ‘द फायनल शेप’ हा २०२४ चा विस्तार घेतला होता. पीएस४ आणि पीएस५ यांच्यात ही खरेदी चालते, कारण दोन्हींचे दुकान एकच आहे. संगणकावरील गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात मात्र ती चालत नाही. लॅपटॉपवर त्याचे पात्र आणि त्याने कमावलेली शस्त्रे दिसतील, परंतु त्या विस्ताराची कथा आणि रेड म्हणजे गटाने खेळायची मोठी मोहीम स्टीमवर पुन्हा खरेदी केल्याशिवाय उघडणार नाहीत. पीएस प्लसच्या सदस्यत्वातून काही मिळाले असेल, तर ते खरेदीच्या रकान्यात लिहूच नये, कारण सदस्यत्व संपले की तो हक्कही थांबतो.

लॅपटॉप एकच असला तरी त्यावर दुकाने अनेक असतात, ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. डेस्टिनी २ स्टीमवर मिळतो आणि एपिक गेम्स स्टोअरवरही मिळतो, पण एका ठिकाणी घेतलेला विस्तार दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीत उघडत नाही. म्हणून सवलत पाहून आज इथे आणि उद्या तिथे खरेदी करू नये. एकच दुकान आधी ठरवून घ्यावे. आम्ही स्टीम निवडले, कारण मित्रांचा गट तिथे होता.

यानंतरचे काम सर्वांत जपून करायचे आहे, आणि ते खाती जोडण्याचे आहे. गेम बनवणाऱ्या कंपनीच्या Bungie.net या संकेतस्थळावर प्रथम स्टीमच्या खात्याने शिरू नये, कारण तसे केल्यास तेथे दुसरे, रिकामे खाते तयार होऊ शकते. ज्या प्लेस्टेशन खात्यावर जुनी पात्रे आहेत त्यानेच प्रवेश करावा, मग खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन स्टीम जोडावे, आणि त्यानंतरच Cross Save चे, म्हणजे क्रॉस-प्रोग्रेशन सुरू करण्याचे पान उघडावे. तेथे कोणत्या खात्यावरची पात्रे यापुढे सगळीकडे वापरायची, असे विचारले जाते. दोन खात्यांवरची पात्रे एकत्र मिसळत नाहीत. एक संच निवडला जातो आणि दुसरा झाकला जातो.

भाच्याच्या बाबतीत हा धोका खरा होता. ऐरोलीतल्या मित्राकडे त्याने कधीतरी स्वतःच्या स्टीम खात्यावर गेम उघडून एक पात्र बनवले होते आणि तो ते विसरूनही गेला होता. पडद्यावर दोन संच आले तेव्हा दोन्हींतील पात्रे ताडून पाहिल्यावर प्लेस्टेशनचा संच कोणता हे स्पष्ट झाले, आणि मगच त्याने होकाराचे बटण दाबले. चुकीचा संच निवडला गेला तरी झाकलेली पात्रे पुसली जात नाहीत. जोडणी बंद केली की ती परत दिसतात. परंतु एकदा बंद केलेली जोडणी पुन्हा सुरू करायला ९० दिवस थांबावे लागते, म्हणजे जवळजवळ अर्धे सत्र गेले म्हणून समजा.

सिल्व्हर नावाचे विकतचे चलन शिल्लक आहे का, हेही पाहून ठेवावे. ते ज्या यंत्रणेवर घेतले तिथेच खर्च करता येते. त्यातून घेतलेली सजावटीची वस्तू मात्र पात्राबरोबर सर्वत्र येते. त्यामुळे घरच्या पीएस५ वर बसून, ज्याची खरोखर इच्छा होती अशी वस्तू आधीच घेऊन टाकणे बरे. लॅपटॉपवर सिल्व्हरचा आकडा शून्य दिसला म्हणजे पैसे बुडाले असे नाही, ते दुसऱ्या दुकानात पडून आहेत.

विस्तार लगेच विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शंभर जीबीहून मोठा हा गेम घरच्या ब्रॉडबँडवरच उतरवून घ्यावा, विनामूल्य भागात जुने पात्र दिसते का आणि लॅपटॉप तापून अडखळत नाही ना हे एक-दोन संध्याकाळी तपासावे, मगच पैसे भरावेत. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, आणि विस्तार घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर सहसा परतावा मागता येतो. लॅपटॉपवर विंडोजच हवे. स्टीमओएस किंवा लिनक्सवर हा गेम चालवण्याची मुभा नाही आणि तसे करू पाहणाऱ्याचे खाते बंद होऊ शकते, म्हणून स्टीमओएसवर चालणाऱ्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्राचा विचार येथे नको.

क्रॉसप्लेसाठी वेगळे पैसे लागत नाहीत. ठाण्यातला मित्र पीएस५ वर आणि भाचा नेरूळमध्ये लॅपटॉपवर असला तरी नाव आणि त्यापुढचा # चिन्हाचा आकडा टाकून एकमेकांना बोलावता येते. खेळाडूंच्या आपसातल्या लढतींत मात्र कन्सोल आणि संगणक यांचे गट सामान्यतः वेगळे ठेवलेले असतात. कन्सोलवरच्या मित्राने संगणकावरच्याला आपल्या गटात घेतले, की तो संपूर्ण गट संगणकवाल्यांसमोर उभा राहतो. तेथे माऊसने नेम साधणाऱ्यांशी गाठ पडते, याची कल्पना त्या मित्रालाही आधीच देऊन ठेवावी.

हाच हिशेब दुसऱ्या गेमला जसाच्या तसा लावू नये. डायब्लो ४ मध्येही प्रगती सोबत येते आणि गेम मात्र पुन्हा घ्यावा लागतो, पण तेथे मूळ गेमच विकतचा आहे, त्यामुळे विनामूल्य भागात चाचणी घेण्याची वर सांगितलेली युक्ती आपसूक चालत नाही. याउलट एक्सबॉक्स प्ले एनीव्हेअर असे चिन्ह असलेला गेम डिजिटल घेतला, तर एकाच खरेदीत तो एक्सबॉक्स आणि विंडोज या दोन्हींवर मिळतो. म्हणून प्रत्येक गेमच्या दुकानातील पानावर क्रॉसप्ले, प्रगती आणि खरेदी या तिन्हींचा उल्लेख स्वतंत्रपणे शोधावा. पहिल्या दोहोंचा असेल आणि तिसऱ्याचा नसेल, तर पैसे पुन्हा भरावे लागतील असे धरूनच महिन्याचा खर्च मांडावा. भाच्याने ‘द फायनल शेप’ची दुसरी खरेदी दिवाळीच्या सवलतीपर्यंत पुढे ढकलली आहे.