पावसाळ्यानंतर नदीवरची मोटर पुन्हा बसवताना करायची तयारी

पुराच्या भीतीने जूनमध्ये वर काढून ठेवलेली मोटर दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास पुन्हा कृष्णाकाठी बसते आणि पहिल्याच दिवशी शिवारातून एकच तक्रार ऐकू येते, "मोटर फिरतीय, पण पाणी उचलत नाही." लगेच फिटरला फोन जातो. बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते, फक्त पंपाच्या पोटात पाण्याऐवजी हवा असते. खालची तयारी नेहमीच्या पाच अश्वशक्तीच्या मोनोब्लॉकसाठी आहे. सक्शन तीन इंची, पंप पाण्यापासून साधारण १५ फूट उंच. विहिरीच्या टप्प्यावर बसवलेल्या मोटरीलाही हेच लागू. बुडीत मोटरीचा पंखा पाण्यातच असतो, त्यामुळे तिला भरावं लागत नाही.

भरायचं कशासाठी, हे एकदा कळलं की बाकीची यादी पाठ करावी लागत नाही. पंप पाणी ओढत नाही, तो पाणी फेकतो. पंखा फिरला की त्याच्या पोटातलं पाणी कडेला फेकलं जातं, मधे दाब कमी होतो आणि नदीच्या पृष्ठभागावर दाबून बसलेली बाहेरची हवा खालचं पाणी त्या मोकळ्या जागेकडे ढकलते. आता त्याच पंख्यात पाण्याऐवजी हवा आहे असं समजा. पाण्याचा २५ मीटरचा स्तंभ पेलणारा पंप हवेचाही २५ मीटरचाच स्तंभ पेलतो. पण हवा पाण्यापेक्षा आठशे-नऊशे पट हलकी. त्या २५ मीटर हवेचं वजन भरतं जेमतेम तीन सेंटिमीटर पाण्याएवढं. म्हणजे रिकामा पंप पूर्ण वेगाने फिरला तरी सक्शन पाइपात पाणी चढणार इंच-सव्वा इंच, आणि आपल्याला हवंय १५ फूट. मोटर तासभर फिरवली तरी या हिशोबात फरक पडत नाही. किर्लोस्करवाडीचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात १९१० पासून उभा आहे, घरटी एक तरी पंप आहे, तरी "थोडा वेळ चालू ठेव, धरेल पाणी" असं सांगणारे अजून भेटतातच.

आता तयारी. आदल्या दिवशी मोटर बसवण्याआधी फूटव्हॉल्व्ह हातात घ्या. पंप पाण्याने भरलेला राहतो तो याच एका झडपेच्या जिवावर. पाणी आत येऊ द्यायचं आणि परत जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. चार महिने कोरडी पडली की आतलं चामडं किंवा रबर वाळून वाकतं, जाळीत गाळ घट्ट बसतो, कधी गांधीलमाशी घरटं करते. जाळी खरवडून धुवा, झडप बोटाने वरखाली करून पाहा. चामडं असेल तर रात्रभर पाण्यात भिजत घाला. मग फूटव्हॉल्व्ह उभा धरून वरच्या तोंडातून तांब्याभर पाणी ओता. खाली थेंब थेंब गळलं तर चालवून घेता येईल, धार लागली तर वायसर बदला. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि ते काठावर कोरड्यात करायचं. पाइप पाण्यात उतरल्यावर हेच काम अर्ध्या दिवसाचं होतं.

गळक्या फूटव्हॉल्व्हवर जुना उपाय म्हणजे शेणकाला. बादलीभर शेणकाला सक्शनमधून ओतला की चोथा झडपेच्या फटीत बसतो आणि पाणी थांबतं. उपाय खरा आहे, त्या दिवसापुरती मोटर सुरू होते. पण तोच चोथा जाळीत आणि पंख्याच्या पात्यांत अडकतो, आणि झडप पुन्हा उघडली की परत ओतावा लागतो. उभा ऊस वाळत असेल तर करा. हंगामाच्या सुरुवातीला, हाताशी वेळ असताना, वायसरच बदला.

पाइप उतरवताना दोन गोष्टी बघा. फूटव्हॉल्व्ह पाण्याच्या पातळीखाली किमान दोन-अडीच फूट आणि तळापासून फूटभर वर हवा. वर राहिला तर भोवरा पडून हवा आत जाते, तळाला टेकला तर वाळू येते. दुसरी गोष्ट लोक सर्रास विसरतात. सक्शन पाइप पाण्यापासून पंपापर्यंत सतत चढता हवा. मधे कुठेही तो पंपाच्या तोंडापेक्षा वर जाऊन पुन्हा खाली आला की त्या कुबडात हवा साचते. ती वर येऊन निघून जाऊ शकत नाही, कारण तिच्यासाठी सगळ्यात उंच जागा तीच असते.

आमच्या शेजारच्या मळ्यात हेच झालं होतं. पंप काठोकाठ भरला, मोटर चालू केली, दोन मिनिटं छान पाणी आलं आणि मग नुसता घरघर आवाज. पुन्हा भरला, पुन्हा तेच. मळेवाले तात्या म्हणाले, "फूटव्हॉल्व्हच गेलाय." पण भरून ठेवलेल्या पंपातली पातळी अर्धा तास तसूभरही उतरली नव्हती. फूटव्हॉल्व्ह गळत असता तर ती खाली गेली असती. जोडही कोरडे होते. मग पाइपावरून नजर टाकत गेलो. नवीन घातलेल्या बांधावरून सक्शन ओलांडत होता आणि तिथे तो पंपाच्या तोंडापेक्षा वीतभर उंच होता. पंपाच्या डोक्यावरून पाणी ओतलं की पंप भरलेला दिसायचा, पण त्या वीतभर कुबडातली हवा जागेवरच राहायची. मोटर सुरू झाली की ती हळूहळू खेचली जाऊन पंख्यात यायची. ताक घुसळताना लोणी रवीभोवती जमतं, तशी फिरत्या पाण्यातली हलकी हवा पंख्याच्या मधोमध गोळा होते. पाणी आत यायचा रस्ता नेमका तोच, त्यामुळे तिथे फुगा बसला की पंप पाणी सोडतो. बांध खोदून पाइप खाली घेतला आणि मोटरीने त्याच संध्याकाळी पाणी धरलं. फूटव्हॉल्व्हला हातसुद्धा लावला नाही.

मोटर बसली की ग्लँड बघा. दोरीचं पॅकिंग असेल तर ते वाळून कडक झालेलं असतं आणि शाफ्टच्या कडेने हवा आत घेतं. नवीन दोरी घाला, नट हातानेच आवळा. चालू मोटरीत तिथून थेंब थेंब पाणी पडलंच पाहिजे. कोरडी ग्लँड तापते. दोरीऐवजी सील असेल तर कोरडं फिरवणं अजून महागात पडतं, कारण सीलच्या दोन्ही घासणाऱ्या बाजू पाण्यानेच थंड राहतात. फ्लँजचं वायसर फाटलेलं असेल तर नवीन कापा.

भरायला किती पाणी लागेल ते आधी काढून ठेवा. तीन इंची पाइपात एका फुटाला साधारण १.४ लिटर पाणी मावतं. तीस फूट सक्शन म्हणजे ४०-४२ लिटर, शिवाय पंपाच्या पोटातलं थोडं. पाइपाचा जो भाग पाण्यात बुडालेला आहे तो आपोआप भरतो, तेवढं कमी लागतं. म्हणजे १५ लिटरच्या तीन बादल्या पुरायला हव्यात. पाचवी बादली ओतूनही पातळी वर येत नसेल तर ओतणं थांबवा, पाणी खालून नदीत चाललंय.

हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि ऑटो स्विच बंद आहे ना ते पाहा. थ्री-फेज कधी येईल याचा भरवसा नाही आणि पुढे शाफ्ट हाताने फिरवायचा आहे. पंपाच्या डोक्यावरचा हवेचा बोल्ट सैल करा आणि डिलिव्हरीच्या बाजूने, नरसाळं लावून, सावकाश ओता. घाईने ओतलं तर खाली जाणारं पाणी वर येणाऱ्या हवेला अडवतं आणि भरल्यासारखं खोटंच दिसतं. बोल्टाशी आधी फुसफुस, मग बुडबुडे, मग सलग पाणी येतं. तेवढ्यावर थांबू नका. शाफ्ट हाताने चार-पाच वेळा फिरवा. पात्यांच्या मधे अडकलेली हवा सुटते आणि पातळी पुन्हा थोडी उतरते. परत भरा, बुडबुडे बंद झाले की बोल्ट आवळा. मग अर्धा तास बसा. पातळी उतरली आणि जोड कोरडे असतील तर दोष फूटव्हॉल्व्हचा. एखादा जोड ओलावला असेल तर दोष त्या जोडाचा.

सुरू करताना डिलिव्हरीचा गेट व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवा. पुढची पाइपलाइन रिकामी असताना तो पूर्ण उघडा ठेवला तर पंपावर अडवणूक नसते, पाणी भसाभस जातं आणि मोटर जादा अँपिअर घेते. दाब आला की हळूहळू उघडा. अर्ध्या-एक मिनिटात पाणी आलं नाही तर मोटर बंद करा. अँपिअर मीटर असेल तर त्यावरही कळतं, काटा नेहमीपेक्षा बराच खाली असला तर पंख्यात हवा आहे. कोरडा फिरून पंप तापला असेल तर लगेच गार पाणी ओतू नका, निवू द्या.

दाब येतोय पण पाणी मात्र कमी, असं असेल तर हवेच्या मागे लागण्याआधी फिरण्याची दिशा बघा. वायर पुन्हा जोडताना दोन फेज अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते आणि उलटा पंखाही थोडंफार पाणी देतो. पंपाच्या अंगावर बाण असतो, त्याच्याशी ताडून पाहा. पाणी येतंय पण मधूनच तुटतंय, डिलिव्हरीत दुधाळ फेस दिसतोय, तर सक्शनच्या एखाद्या बारीक फटीतून हवा जातेय. ती फट बाहेर थेंब टाकत नाही, उलट आत ओढते, म्हणून डोळ्याला दिसत नाही. चालू मोटरीत प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावत जा. जिथे फेस आत ओढला जातो तिथे फट आहे.

ऑटो स्विच मात्र पहिले काही दिवस बंदच ठेवा. शेतीची लाइट रात्रीच्या पाळीत आली की ऑटोवरची मोटर आपण झोपलेले असताना सुरू होते, आणि दिवसभरात फूटव्हॉल्व्हमधून पाणी उतरून गेलं असेल तर ती सकाळपर्यंत कोरडी फिरते. साध्या फेज प्रिव्हेंटरला हे कळत नाही. तिन्ही फेज बरोबर असल्या की त्याच्या लेखी सगळं ठीक. संध्याकाळी मोटर बंद केल्यावर सकाळी हवेचा बोल्ट सैल करून बघा. लगेच पाणी उसळलं तर झडप धरतेय. असं तीन-चार सकाळी दिसलं की मग ऑटोवर टाका, आणि जमलं तर कोरडं फिरल्यावर मोटर तोडणारा रिले बसवून घ्या.

एप्रिलमध्ये नदी खाली गेली की हीच मोटर पुन्हा त्रास देईल, त्याचा हिशोब आत्ताच करा. सांगलीच्या उंचीवर हवेचा दाब पाण्याचा साधारण पावणेदहा मीटरचा स्तंभ पेलतो, पण पाइपातली घसट आणि बाकीची तूट धरून प्रत्यक्षात सहा-सात मीटर, म्हणजे वीस-बावीस फूटच भरवशाचे. आज पंप १५ फुटांवर आहे आणि नदी आणखी आठ-दहा फूट उतरणार असेल, तर खालच्या टप्प्यावर मोटरीसाठी एक ओटा आत्ताच बांधून ठेवा.