शाळेचे परिपत्रक छपाईआधी कसे तपासावे

फेब्रुवारी उजाडला की नाशिकच्या शाळांतून एक परिपत्रक हमखास निघते. २७ तारखेला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, तोच मराठी भाषा गौरव दिन, आणि शिरवाडकर तर आपल्या नाशिकचे. या दिवसाच्या पत्रकात मराठी चुकलेली दिसली की मला फार वाईट वाटते. म्हणून तपासणीची पद्धत अशाच एका पत्रकावर दाखवतो. मसुदा असा होता. नावांच्या जागी मी रेघा ठेवल्या आहेत.

> नासिकरोड येथील आपल्या शाळेत दि. २७ फेब्रुवारी रोजी कवीवर्य कुसुमाग्रज यांच्या जन्मदिनानिमित्त कवीसंमेलन होईल. उद्घाटन मुख्याध्यापिका सौ. —— मॅडम यांचे हस्ते होईल. प्रमुख पाहुणे मा. श्रीमती. —— उपस्थित राहतील. ग्रंथदिंडीची सुचना वर्गशिक्षक देतील. कविता सादर करणाऱ्या विद्यार्थीनींनी नऊवारी नेसावी. तुमच्या पाल्याला सकाळी ७ वाजता नाशिक रोड स्थानकासमोर सोडावे व आपण १० वाजता यावे. बाकांची व्यवस्था शिपाई —— बघेल. दुसऱ्या दिवशी सुट्टी राहील. सुटीचा अभ्यास वहीत लिहावा.

पहिल्या वाचनात काहीही दुरुस्त करू नका. पेन्सिल घेऊन खटकलेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढा आणि मग त्या शब्दांची तीन गटांत वाटणी करा: सरळ चूक, दोन्ही चालतील असे पर्याय, आणि वेगळे दिसूनही बरोबर असलेले. ही वाटणी न करता दुरुस्तीला बसलेला माणूस चुकांबरोबर बरोबर शब्दही बिघडवून ठेवतो.

सरळ चुकांसाठी साहित्य महामंडळाचे नियम हाताशी असावेत. १९६२ साली १४ नियम ठरले, १९७२ साली ४ वाढले, असे एकूण १८. परिपत्रकाला त्यातले दोन-तीनच सारखे लागतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण दीर्घ लिहितो, म्हणून सुटा शब्द ‘कवी’. पण संस्कृतातला मूळ शब्द ‘कवि’ आहे, आणि समासात तो पहिला आला की ऱ्हस्वच राहतो. म्हणून ‘कविवर्य’ आणि ‘कविसंमेलन’. एकाच पानावर ‘कवी’ आणि ‘कविसंमेलन’ दोन्ही आले तर ती विसंगती नव्हे, तिसऱ्या गटातला शब्द आहे. तो तसाच सोडायचा. ‘विद्यार्थीनी’ मात्र चूक. एकटा ‘विद्यार्थी’ दीर्घ, पण ‘विद्यार्थिनी’त थि ऱ्हस्व. ‘सुचना’ही चूक, शब्द ‘सूचना’.

पर्यायांचे तसे नसते. ‘सुट्टी’ आणि ‘सुटी’ दोन्ही चालतात, फक्त एका पानावर एकच चालवावा. मी ‘सुट्टी’ घेतो, कारण मुलांच्या तोंडी तोच आहे. ‘नासिक’ हे जुन्या वळणाचे रूप, आज आपण ‘नाशिक’ लिहितो. ‘नाशिकरोड’ जोडून की तोडून, हे शाळेने एकदाच ठरवून कार्यालयातल्या वहीत लिहून ठेवावे. एखाद्या संस्थेच्या पाटीवरच ‘नासिक’ असेल तर तिच्या नावात हात घालू नये. ते तिचे नाव आहे.

आता संगणकावर शोध. पूर्ण शब्द शोधू नका, त्याचा न बदलणारा भाग शोधा. ‘सुचना’ शोधलात तर ‘सुचनेनुसार’ निसटेल. ‘सुच’ शोधा, म्हणजे दोन्ही सापडतील. पण ‘सगळे बदला’चे बटण दाबू नका. ‘सुच’च्या जागी सरसकट ‘सूच’ घातले की ‘पालकांनी सुचवलेली नावे’ याचे ‘सूचवलेली’ होईल, आणि ‘सुचवणे’ ऱ्हस्वच आहे. ‘मुल’चे ‘मूल’ करायला गेलात तर ‘मुलांना’ बिघडेल. एकेक जागा डोळ्यांनी बघूनच बदलायची.

एक फसवी जागा सांगतो. ‘करणाऱ्या’मधला ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे टंकला जातो. एकात सबंध ‘ऱ’चे अक्षर असते, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त करून पुढे न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र एकाला दुसरा सापडत नाही. दोन शिक्षकांनी अर्धा-अर्धा मजकूर टंकला असेल तर हे हमखास होते. समोर दिसणारा शब्द शोधात येत नसेल, तर मसुद्यातलाच शब्द उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवा.

आदराच्या शब्दांना मी वेगळा कागद घेतो. पत्रकातली प्रत्येक व्यक्ती एका ओळीत, आणि तिच्यापुढे तीन गोष्टी: नावाआधी काय, नावानंतर काय, क्रियापद कोणते. वरच्या मसुद्याचा कागद असा झाला. मुख्याध्यापिकांना ‘सौ.’ आणि ‘मॅडम’, क्रियापद त्यांना नाहीच. पाहुण्यांना ‘मा. श्रीमती.’, आणि ‘राहतील’. शिपायांना आधी काही नाही, नंतर काही नाही, आणि ‘बघेल’. हा कागद समोर आला की कोणाला काही सांगावे लागत नाही. पहाटे येऊन बाक लावणाऱ्या माणसालाच पत्रकात एकेरी हाक आहे, हे दिसते. तिथे ‘श्री. —— बघतील’ झालेच पाहिजे.

स्त्रियांच्या नावाआधी सगळीकडे ‘श्रीमती’ वापरावे असे माझे ठाम मत आहे. एका शाळेच्या निमंत्रणात, मागच्या वर्षीचा मजकूर तसाच उचलल्यामुळे, नुकतेच पती गेलेल्या निवृत्त बाईंच्या नावाआधी ‘सौ.’ छापले गेले होते. तपासणी माझी होती. त्यांनी काही म्हटले नाही, पण तो कागद मी विसरलेलो नाही. ‘श्रीमती’ विधवेलाच लावतात असा समज अजून घरोघरी आहे, म्हणून पाहुण्यांना फोन करून एकदा विचारून घ्यावे. ‘श्रीमती’ हा पूर्ण शब्द आहे, त्यापुढे टिंब नको. ‘सौ.’ हा संक्षेप, त्याला हवे. ‘मॅडम’ आणि ‘सर’ बोलण्यात ठेवावेत, छापू नयेत. पाहुण्या स्त्री असतील तर ‘प्रमुख पाहुण्या’. ‘यांचे हस्ते’ हे जुने कचेरीचे वळण, बाकी पत्रकात ‘यांच्या’ असेल तर इथेही ‘यांच्या हस्ते’.

पालकांना ‘तुम्ही’ की ‘आपण’, तेही एकदाच ठरवा. ‘सोडावे’, ‘यावे’ अशी क्रियापदे असतील तर ‘आपण’ शोभते. ‘तुम’ शोधून प्रत्येक जागा बदला. ‘आपल्या शाळेत’ मधला ‘आपल्या’ मात्र आदराचा नाही, त्यात शाळा आणि पालक दोघेही आले. तो असू द्या.

दुरुस्त मजकूर असा:

> नाशिकरोड येथील आपल्या शाळेत दि. २७ फेब्रुवारी रोजी कविवर्य कुसुमाग्रज यांच्या जन्मदिनानिमित्त कविसंमेलन होईल. उद्घाटन मुख्याध्यापिका श्रीमती —— यांच्या हस्ते होईल. प्रमुख पाहुण्या मा. श्रीमती —— उपस्थित राहतील. ग्रंथदिंडीची सूचना वर्गशिक्षक देतील. कविता सादर करणाऱ्या विद्यार्थिनींनी नऊवारी नेसावी. आपल्या पाल्याला सकाळी ७ वाजता नाशिकरोड स्थानकासमोर सोडावे व आपण १० वाजता यावे. बाकांची व्यवस्था शिपाई श्री. —— बघतील. दुसऱ्या दिवशी सुट्टी राहील. सुट्टीचा अभ्यास वहीत लिहावा.

इथे काम संपत नाही. बरेच छापखाने अजून जुन्या फाँटमध्ये जुळणी करतात, आणि तुमचा युनिकोड मजकूर त्यात बदलून घेताना ‘ऱ्या’, ‘ॲ’, ‘र्य’ अशी अक्षरे तुटतात किंवा गळतात. म्हणून फाइल देऊन निघू नका, कागदावरचे प्रूफ मागा. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवावे. त्यानंतर फक्त नावे, शेवटच्या ओळीपासून वर, एकेक अक्षर वाचावीत, आणि मगच प्रूफवर सही करावी.