ओला उतार कोरड्यापेक्षा भक्कम निघतोय? या चुका टाळा

महाड-पोलादपूरच्या डोंगरांत बेसॉल्टच्या कातळावर जागीच झिजून बनलेल्या मातीचा पातळ थर असतो. पावसाळ्यात पाणी कातळावर अडतं आणि उताराला समांतर पाझरतं. असा थर किती टिकेल हे अनंत उताराच्या सूत्राने काढतात:

```
FS = [c' + (γz − γw·h)·cos²β·tanφ'] / (γz·sinβ·cosβ)
```

इथे FS म्हणजे सुरक्षा गुणांक, c' म्हणजे कोहेजन, φ' म्हणजे घर्षणकोन, β म्हणजे उताराचा कोन, γ आणि γw म्हणजे मातीचं आणि पाण्याचं एकक वजन, z म्हणजे घसरपृष्ठाची उभी खोली आणि h म्हणजे त्या पृष्ठावरची पाण्याची उभी उंची.

उदाहरण घेऊ. उतार 30°, खोली 2 मीटर, संपृक्त मातीचं एकक वजन 18 किलोन्यूटन प्रति घनमीटर, कोहेजन 5 किलोपास्कल, घर्षणकोन 32°. पाणी नसताना (सोयीसाठी वजन तेच धरून) सुरक्षा गुणांक 1.40 येतो. पाणी जमिनीपर्यंत चढलं की तो 0.81 वर उतरतो.

सर्वांत घातक चूक इथेच होते. माती पाण्यात आहे म्हणून अनेक जण वर-खाली दोन्हीकडे निमग्न वजन, म्हणजे 8.19, घालतात. मग गुणांक 1.79 येतो! ओला उतार कोरड्यापेक्षा भक्कम दिसला, की गणित तिथेच थांबवा. अंश बरोबरच असतो, बिघाड छेदात असतो. निमग्न वजनाने खाली ओढणारा ताण 7.1 किलोपास्कलच निघतो, कारण वाहतं पाणी मातीच्या कणांना उताराच्या दिशेने ढकलतं तो 8.5 किलोपास्कलचा पाझरताण हिशेबातून सुटलेला असतो. दोन्हींची बेरीज 15.6, आणि संपृक्त वजन वापरलं तर थेट तेवढंच येतं. म्हणून छेदात नेहमी पूर्ण वजनच घ्या.

उलट बाजूची चूक म्हणजे रंध्रदाब सरळ γw·h धरणं. समांतर पाझरात समविभव रेषा उताराला काटकोनात असतात, म्हणून cos²β हवाच. तो विसरलात तर 0.81 ऐवजी 0.62 येतो आणि उतार उगाच बदनाम होतो.

कोहेजनबद्दल मी फार कडक आहे. मे महिन्यात काढलेला नमुना चूषणामुळे घट्ट लागतो. पावसात ते चूषण जातं. नमुना संपृक्त करूनच कातर चाचणी घ्या. वरच्या उदाहरणात कोहेजन शून्य केलं तर पाण्याशिवायचा गुणांकही 1.08 वर येतो.

आणखी एक पडताळा. याच आकड्यांनी पाणी घसरपृष्ठावर सुमारे 1.37 मीटर चढलं की गुणांक 1 होतो. तो उतार कित्येक पावसाळे उभा असेल, तर पाणी तितकं चढत नसावं, किंवा झाडांची मुळं माती धरून असावीत. मुसळधार पावसात खड्ड्यातली पातळी मोजली की यातलं खरं काय ते कळतं. मात्र कातळाच्या भेगेतून झरा वर उसळत असेल, तर पाझर समांतर राहत नाही. दाब सूत्रापेक्षा जास्त असतो आणि तिथे पिझोमीटरच बसवावा लागतो.