परदेशातून वारस नोंदीचा अर्ज पाठवताना या चुका टाळा

गावाकडच्या जमिनीवर आजोबांचे नाव तसेच राहिलेले असते, वडील परदेशात वारतात आणि मग आई व मुले मिळून गावच्या कार्यालयाला एक पत्र पाठवतात. पत्र मनापासून लिहिलेले असते, परंतु कित्येकदा त्याचे उत्तर येत नाही, किंवा काही महिन्यांनी त्रुटीचा शेरा येतो. यामागे कार्यालयाची दिरंगाई असू शकते. मात्र पुष्कळदा कारण पत्रातच असते, कारण त्यातल्या मजकुरावर कायद्याने फेरफार घेताच येत नाही.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. सातारा जिल्ह्यातील एका गावात १ हेक्टर ८० आर शेतजमीन आहे. ती आजोबांनी स्वतःच्या कमाईतून खरेदीखताने घेतली होती. आजी आधीच वारल्या होत्या आणि आजोबा १९९४ साली मृत्युपत्र न करता वारले. त्यांना एक मुलगा आणि दोन मुली. मुलगा कॅनडात स्थायिक झाला आणि २०२३ साली तिथेच वारला. त्याच्या मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी आहेत. दोन आत्यांपैकी थोरल्या आत्या हयात आहेत. धाकट्या आत्या वारल्या असून त्यांचे यजमान त्यांच्याही आधी गेले होते, आणि त्यांना दोन मुले आहेत. कॅनडातील कुटुंबाने पत्रात लिहिले की, "सदर जमीन आमच्या आजोबांची असून वडिलांच्या निधनानंतर आम्ही तिघेच वारस आहोत, तरी आमची नावे लावावीत." या एका वाक्यात तीन चुका आहेत.

मधली पिढी गाळणे

पहिली चूक अशी की, सातबाऱ्यावर नाव आजोबांचे असताना नोंद थेट नातवंडांच्या नावे मागितली आहे. आजोबांच्या मृत्यूनंतर त्यांच्या वारसांची एक नोंद होणे आवश्यक आहे, आणि त्या वारसांपैकी जे पुढे वारले त्यांच्या वारसांची दुसरी. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात मांडता येतात, परंतु वंशावळीत प्रत्येक मृत्यू तारखेसह दिसला पाहिजे आणि प्रत्येक मृत्यूचा दाखला सोबत हवा. १९९४ सालच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत सापडत नसेल, तर आधी विलंबित मृत्यूनोंदणी करून घ्यावी लागते. पत्र पाठवण्यापूर्वीच हे तपासले तर बराच वेळ वाचतो.

दुसरी आणि सर्वांत गंभीर चूक म्हणजे आत्यांना वगळणे. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मुलगी ही मुलाइतकीच पहिल्या वर्गातील वारस आहे. तिचे लग्न झाले, ती दुसऱ्या गावी गेली किंवा तिने कधी जमीन मागितली नाही, यामुळे तिचा हक्क जात नाही. या उदाहरणात आजोबांचे तीन सारखे हिस्से होतात, म्हणजे प्रत्येकी ६० आर. थोरल्या आत्यांचे ६० आर, धाकट्या आत्यांच्या दोन मुलांचे प्रत्येकी ३० आर, आणि वडिलांच्या ६० आरमधून पत्नी, मुलगा व मुलगी यांचे प्रत्येकी २० आर. म्हणजेच कॅनडातील कुटुंबाने संपूर्ण १८० आर मागितले, तरी त्यांचा हक्क फक्त ६० आरचा आहे. वारस दडवून केलेले प्रतिज्ञापत्र खोटे ठरते आणि त्यावरून झालेली नोंद पुढे अपिलात रद्द होऊ शकते. आत्यांचा हक्क मान्य करून अर्ज करणे हे नात्याच्याही आणि नोंदीच्याही हिताचे आहे.

"आत्या हक्क सोडायला तयार आहेत, त्यांचे संमतीपत्र जोडले आहे," असे अनेक जण लिहितात. स्थावर मिळकतीतील हिस्सा साध्या संमतीपत्राने सुटत नाही. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. हा मार्ग घ्यायचा असेल तर आधी सर्व वारसांची नावे लागू द्यावीत, आणि त्यानंतर हक्कसोडपत्र नोंदवून त्याचा स्वतंत्र फेरफार घ्यावा.

तिसरी चूक काहीशी लपलेली आहे. कुटुंबाला वाटते की वारस नोंदीनंतर "आपले" ६० आर वेगळे दिसतील. वारस नोंदीने नावे सामाईक लागतात, जमिनीचे तुकडे होत नाहीत. वेगळा हिस्सा हवा असेल तर ते वाटप होय, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ खाली त्याची कार्यवाही निराळी असते. वारस नोंदीच्या पत्रात वाटपाची मागणी घातली की दोन्ही विषय अडकतात.

आणखी एक गोष्ट सातबारा हातात घेऊन तपासावी. आजोबांच्या नावापुढे "ए.कु.मॅ." असा शेरा असेल, तर ते एकत्र कुटुंबाचे व्यवस्थापक म्हणून लागलेले नाव असते. अशा जमिनीत आजोबांच्या भावांच्या शाखांचाही हिस्सा निघू शकतो. शेरा दिसल्यास तो कोणत्या फेरफाराने आला हे जुन्या नोंदी काढून पाहावे आणि मगच वंशावळ लिहावी.

पत्र कोणाला लिहायचे

"भूमी अभिलेख कार्यालय" या नावामुळे अनेकांची गल्लत होते. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावरील वारस नोंद तलाठ्यांकडे होते, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे आहे, आणि ती नोंद मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. गावठाणातील घर किंवा शहरातील जागा नगर भूमापनात असेल आणि तिची मिळकत पत्रिका निघत असेल, तर अर्ज उपअधीक्षक भूमी अभिलेख किंवा नगर भूमापन अधिकारी यांच्याकडे करावा लागतो. वाडा आणि शेत दोन्ही असतील तर दोन स्वतंत्र अर्ज करावेत. एकच पत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे पाठवले, तर ते खाली येईपर्यंत वेळ जातो आणि अर्धा विषय चुकीच्या टेबलावर पडून राहतो.

पत्रात मिळकतीची ओळख "नदीकाठचे रान" किंवा "आमचे जुने घर" अशी देऊ नये. गाव, तालुका, गट नंबर, खाते क्रमांक आणि क्षेत्र हे सर्व चालू सातबारा व आठ-अ पाहून उतरवावे. नावांतील फरक लपवू नये. सातबाऱ्यावर नुसते नाव, मृत्यूच्या दाखल्यावर तेच नाव "राव" लावून, पासपोर्टवर निराळे स्पेलिंग आणि मुलीचे लग्नानंतरचे आडनाव, हे प्रत्येक घरात असते. "ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत" असे प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहिले की हरकत राहत नाही.

वरील कुटुंबाच्या पत्राचा गाभा असा असायला हवा होता:

"उपरोक्त गटाचे खातेदार हे दि. …/…/१९९४ रोजी मृत्युपत्र न करता मयत झाले. त्यांच्या मागे एक मुलगा व दोन मुली असे तीन वारस होते. पैकी मुलगा दि. …/…/२०२३ रोजी कॅनडा येथे मयत असून त्यास पत्नी, एक मुलगा व एक मुलगी हे वारस आहेत. धाकटी मुलगी दि. …/…/… रोजी मयत असून तिचे पती तिच्या आधी मयत आहेत व तिला दोन मुले वारस आहेत. यांव्यतिरिक्त अन्य वारस नाहीत. संपूर्ण वंशावळ सोबत जोडली असून सर्व वारसांची नावे अधिकार अभिलेखात दाखल करावीत, ही विनंती."

परदेशातील कागद

येथे फेटाळले जाण्याचे कारण सहसा कागदाच्या अधिप्रमाणनात असते. परदेशातील मृत्यूच्या दाखल्याची नुसती झेरॉक्स किंवा मोबाइलवर काढलेला फोटो पुरेसा नाही. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे करारातील देशातून आलेल्या दाखल्यावर आणि नोटरीसमोर केलेल्या प्रतिज्ञापत्रावर तिथल्या सक्षम अधिकाऱ्याचे अपोस्टिल घ्यावे. कॅनडात हा करार ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. त्याआधी तेथील कागदांना भारतीय दूतावासाचे अधिप्रमाणन लागत असे. प्रतिज्ञापत्र थेट भारतीय वकिलातीत जाऊन केले तरी चालते.

गावी धावपळ करण्यासाठी नातेवाइकाला कुलमुखत्यारपत्र दिले जाते, आणि त्यातली मुदत जवळजवळ सर्व जण विसरतात. भारताबाहेर केलेले मुखत्यारपत्र भारतात प्रथम पोहोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे लागते. मूळ कागदच पाठवावा, आणि तो ज्या पाकिटातून आला ते पाकीट जपून ठेवावे, कारण पोहोचल्याची तारीख त्यावरूनच सिद्ध होते. मुखत्यारपत्रात "वारस नोंदीचा अर्ज करणे, जबाब देणे, नोटीस स्वीकारणे, अपील करणे" ही कामे स्पष्ट लिहावीत. विक्रीचा अधिकार द्यायचा नसेल तर तो देत नसल्याचेही लिहावे.

काही कुटुंबे न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट मिळवण्यात वर्ष घालवतात. ते बँकेतील ठेवी, शेअर्स आणि येणे रकमांसाठी असते, जमिनीसाठी नाही. वारसांमध्ये वाद नसेल तर मृत्यूचे दाखले, वंशावळ, प्रतिज्ञापत्र आणि स्थानिक चौकशी यांवर वारस नोंद होते. परकीय नागरिकत्व घेतल्यामुळे आपण वारस राहत नाही, ही भीतीही काढून टाकावी. भारतीय वंशाच्या व्यक्तीला भारतात राहणाऱ्याकडून वारशाने शेतजमीन मिळू शकते. बंधन आहे ते अशी जमीन नव्याने विकत घेण्यावर.

अर्ज दिल्यानंतर

वारसा मिळाल्यापासून ३ महिन्यांत कळवावे असे संहितेचे कलम १४९ सांगते. उशीर झाल्याने हक्क बुडत नाही, परंतु उशिराचे कारण पत्रात एका वाक्यात द्यावे. पुढे वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये प्रकरण येते, चौकशी होते, आणि नमुना ६ मध्ये फेरफार धरला जातो. हितसंबंधितांना नोटीस जाते व हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. पत्त्याच्या जागी फक्त परदेशातील पत्ता दिला असेल तर ही नोटीस वेळेत पोहोचत नाही, म्हणून नोटीस घेण्यासाठी भारतातील एक पत्ता आणि त्या व्यक्तीचा फोन नंबर पत्रात अवश्य द्यावा. फेरफाराची नोटीस "आपली चावडी" या संकेतस्थळावर परदेशातूनही पाहता येते.

कोणी हरकत घेतली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. नोंद नामंजूर झाली तर आदेशाविरुद्ध अपील करण्याची मुदत ६० दिवसांची आहे, म्हणून आदेशाची प्रत मिळाल्याची तारीख लिहून ठेवावी. नोंद मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून प्रत्येक नाव अक्षर न अक्षर तपासावे. संगणकात नाव उतरवताना झालेली हस्तदोषाची चूक कलम १५५ खाली दुरुस्त होते, आणि ती लगेच दाखवली तर त्यासाठी मूळ अर्जाची प्रत पुरावा म्हणून जोडता येते.