पैसे घ्यायला कोड स्कॅन करताय? या चुका टाळा

माझी मावशी डिचोलीला राहते. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या म्हणून तिच्या मुलाने ऑनलाइन जाहिरात टाकली. भाडं नऊ हजार, दोन महिन्यांचा ॲडव्हान्स. तासाभरात फोन आला. माणूस हिंदीत बोलत होता, दाबोळीला नौदलात बदली झाली म्हणाला. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र लगेच व्हॉट्सॲपवर आलं. खोल्या बघायच्याही नाहीत, ॲडव्हान्स आत्ताच देतो म्हणाला. डिचोलीहून दाबोळीला रोज कोण ये-जा करेल, हा प्रश्न घरात कुणालाच पडला नाही. नोकरी करणारा भाडेकरू मिळतोय म्हटल्यावर पडत नाहीच.

मग तो म्हणाला, "मॅडम, आर्मी का पेमेंट उल्टा होता है. पहले आप एक रुपया भेजो, मैं दो भेजूँगा." मुलाच्या फोनवर कोड आला, मावशीने तो आपल्या फोनने स्कॅन केला, पिन टाकला. एक रुपया गेला आणि मिनिटभरात दोन रुपये खरंच आले. या एका रुपयाच्या नफ्याने सगळं काम केलं. पुढचा कोड नऊ हजारांचा आला, पिन टाकला, पैसे गेले. "अटक गया है, अठारह का पूरा कोड भेजता हूँ, दोनों साथ में वापस आएगा." मावशीने तोही स्कॅन केला.

चूक पहिली: कोडवर लिहिलेलं खरं मानणं

त्या चित्रावर मोठ्या अक्षरांत 'रिसीव्ह ₹१८,०००' असं छापलं होतं. हे शब्द फक्त चित्रात असतात, कोडशी त्यांचा काही संबंध नसतो. काळ्या-पांढऱ्या चौकोनात खरं तर एवढाच मजकूर असतो:

```
upi://pay?pa=naav@bank&pn=NAVY%20OFFICE&am=18000&cu=INR&tn=ADVANCE%20RECEIVED
```

सुरुवातीलाच `pay` आहे, म्हणजे पैसे द्या. `pa` म्हणजे पैसे ज्याला जाणार त्याचा पत्ता, `am` म्हणजे रक्कम. `pn` हे नाव आणि `tn` ही टीप कोड बनवणारा मनाला येईल ती लिहू शकतो. 'ADVANCE RECEIVED' लिहिलं तरी पैशांची दिशा बदलत नाही. स्कॅन करणाऱ्याच्या खात्यात पैसे आणून टाकणारा कोड यूपीआयमध्ये नाही. म्हापशाच्या बाजारात मासळीवाली कोड दाखवते आणि स्कॅन आपण करतो. ज्याला पैसे घ्यायचे त्याने कोड दाखवायचा, द्यायचे त्याने स्कॅन करायचा. मावशीला पैसे घ्यायचे होते, तर कोड तिने दाखवायला हवा होता. तेवढंही नको, मोबाईल नंबर सांगितला की पुरे.

पिन टाकण्याआधीच्या पडद्यावर एक नाव दिसतं. ते बँकेत नोंदलेलं नाव असतं आणि आपल्या हातात उरलेली ती शेवटची खूण असते. मावशीच्या पडद्यावर कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव होतं. तिने वाचलं होतं, पण नौदलाचा हिशेब असाच चालत असेल असं तिला वाटलं.

एक रुपया पाठवून दोन परत देणं म्हणजे पडताळणी नव्हे. त्या माणसाला पाठवता येतं एवढंच त्यातून कळतं. आणि ज्याला दोन रुपये सरळ पाठवता आले, त्याला अठरा हजारही तसेच पाठवता आले असते.

चूक दुसरी: 'पिन मागितला नाही, म्हणजे धोका नाही'

'पैसे घ्यायला पिन लागत नाही' हे वाक्य आता बऱ्याच जणांना पाठ आहे. ते खरंच आहे. लोक मात्र त्याचा उलटा अर्थ काढतात. यूपीआय लाइट, म्हणजे छोट्या खर्चासाठी ॲपमध्ये आधीच भरून ठेवलेले पैसे, चालू असेल तर हजार रुपयांपर्यंतचं पेमेंट पिनशिवायच जातं, आणि आता काही ॲपवर पिनऐवजी बोट टेकवूनही पैसे जातात. म्हणजे पहिल्या 'टेस्ट'ला पिन विचारला गेला नाही, म्हणून आपण पैसे घेतोय असं ठरत नाही. लाइटमध्ये जास्तीत जास्त पाच हजार राहतात. मी पाचशेच ठेवतो आणि आपोआप भरण्याची सोय बंद ठेवतो.

व्यक्तीने व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. तेव्हापासून आपण सुटलो असं समजणारे भेटतात. कोड अजून तिथेच आहे.

चूक तिसरी: मोठं खातं ॲपला जोडून ठेवणं

मावशीचं प्रकरण इथे जास्त महाग पडलं, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तिच्या बचत खात्यात त्या दिवशी ११,४०० रुपये होते. एक गेला, दोन आले, नऊ हजार गेले, उरले २,४०१. अठरा हजारांचं पेमेंट 'शिल्लक अपुरी' म्हणून अडायला हवं होतं. पण खात्याला स्वीपची सोय होती, म्हणजे पैसे कमी पडले की मुदत ठेव तेवढी मोडून खातं भरलं जातं. बँकेने १६,००० ची ठेव मोडली आणि पेमेंट गेलं. खात्यात ४०१ रुपये उरले. काकांच्या निवृत्तीच्या पैशांतली ती ठेव यूपीआयला जोडलेली आहे, हे घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

म्हणून यूपीआयसाठी वेगळं बचत खातं ठेवावं. त्याला स्वीप नको, आणि महिन्याच्या वाणसामानाला पुरेल एवढेच पैसे त्यात. मोठं खातं ॲपमधून काढून टाका. इथे एक गफलत होते: एका ॲपमधून काढलं तरी दुसऱ्या ॲपमध्ये तेच खाते जोडलेलं राहतं. फोनवर तीन ॲप असतील तर तिन्ही उघडून बघा. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादाही कमी करता येते. सर्वसाधारण मर्यादा एक लाखाची आहे, घरखर्चाला दहा हजार पुष्कळ झाले.

पैसे गेलेच तर

आधी त्या माणसाशी बोलणं थांबवा. 'परत पाठवतो' म्हणत तो आणखी एक कोड पाठवणारच असतो. लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या नंबरला फोन लावा. व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय पत्ता हाताशी ठेवा, हे सगळं ॲपच्या इतिहासात सापडतं. पैसे समोरच्या खात्यात अजून असतील तर ते गोठवता येतात, पुढच्या खात्यांत फिरले की माग काढणं लांबत जातं. तक्रार cybercrime.gov.in वर नोंदवता येते आणि रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यातही देता येते.

बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. कार्डाच्या मागे छापलेला वापरा. पिन आपण टाकला म्हणून बँक हात झटकते, हे बऱ्याचदा खरं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचं असतं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तेव्हा कळवल्याची वेळ लेखी घ्या. ॲपमधल्या तक्रारीचा क्रमांकही चालेल.

मावशीने लाजेपोटी संध्याकाळपर्यंत कुणाला सांगितलं नाही. तोवर नऊ हजार पुढे गेले होते. अठरातले सहा एका खात्यात अडकवून ठेवलेत, ते अजून हातात यायचेत. खोल्या पुढच्या महिन्यात एका शिक्षिकेने घेतल्या. ॲडव्हान्स मावशीच्या मोबाईल नंबरवर आला. मावशीने फोनला हातही लावला नाही, पैसे आल्याचा मेसेज तेवढा दोनदा वाचला.