चार तिमाह्या, एक स्लाइड: पट्ट्या डोळ्याच्या अंदाजाने ओढू नका

रोडमॅपच्या स्लाइडवर पट्टी मेच्या मध्यात सुरू होते की जूनमध्ये, यावरच मीटिंगची दहा मिनिटं जातात. त्यामुळे आधी महिन्याची रुंदी ठरवा.

पॉवरपॉइंटची 16:9 स्लाइड 33.87 सेंमी रुंद असते. डावीकडे 0.8 सेंमी मोकळे सोडा, कामांच्या नावांना 3.5 सेंमी द्या आणि प्रत्येक तिमाहीला 7.2 सेंमी. म्हणजे एक महिना 2.4 सेंमी.

समजा, चाकणच्या कारखान्यात नवी असेंब्ली लाइन बसवायची आहे, मेच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. एप्रिलपासून दीड महिना म्हणजे 3.6 सेंमी. त्यात डावीकडचे 4.3 मिळवा: पट्टीची Horizontal position 7.9. साडेतीन महिन्यांची Width 8.4. हे आकडे Format Shape मध्ये टाइप करा, माउसने ओढत बसू नका.

तिमाहीच्या डोक्यावर नुसतं Q1 लिहू नका, खाली 'एप्रिल–जून' हवंच. परदेशी मुख्यालय जानेवारीपासून वर्ष मोजत असेल, तर त्यांचा Q1 आपल्याकडे Q4 असतो.

पट्ट्यांमागचा तक्ता टेबलने केलात तर एक खोड लक्षात ठेवा: मजकूर वाढला की ओळ उंच होते, पट्ट्या मात्र जागच्या जागी राहतात आणि भलत्याच कामासमोर दिसतात. म्हणून नावं एका ओळीत बसवा. शेवटच्या तिमाहीतल्या, अजून मंजूर न झालेल्या कामांना तुटक रेषेची किनार द्या. भरीव पट्टी दिसली की साहेब ती तारीख पक्की धरतात.