अ‍ॅपवर बीएमआय नॉर्मल, पण पोट सुटलंय? मोजताना या चुका टाळा

माझा मावसभाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, वय ४१, कोथरूडला राहतो. गेल्या महिन्यात त्याने अ‍ॅपवर बीएमआय काढून मला स्क्रीनशॉट पाठवला, २२.८, खाली हिरव्या रंगात नॉर्मल. हातपाय बारीकच आहेत त्याचे, पण पोट शर्टाबाहेर यायला लागलंय हे मला दिसत होतं, आणि आमच्या घरात डायबिटीस आहे, म्हणून रविवारी मीच टेप घेऊन गेले. मी डाएटिशियन आहे, आणि दादाने केलेल्या तिन्ही चुका मला रोज दिसतात.

पहिली चूक उंचीची. दादाने कॉलेजपासून पाठ असलेली पाच फूट आठ इंच टाकली होती. चप्पल काढून, टाचा आणि पाठ भिंतीला लावून, नजर समोर ठेवून, डोक्यावर पुस्तक आडवं धरून मोजली तर भरली १६८ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ पाच सेंटीमीटर कमी. वजन ६८ किलो बरोबर होतं. आता बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, आणि वर्ग असल्यामुळे उंचीतली छोटी चूकसुद्धा मोठी होऊन बसते. ६८ भागिले (१.६८ × १.६८) = २४.१. अ‍ॅपवाला आकडा होता २२.८.

दादा म्हणाला, "अगं पण २४ पण नॉर्मलच ना, २५ पर्यंत चालतं."

ही दुसरी चूक, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. २५ ला ओव्हरवेट आणि ३० ला ओबेसिटी हे जगभरासाठीचे कटऑफ. आपल्याकडच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये एकत्र येऊन भारतीयांसाठी जे ठरवलं त्यात २३ ला ओव्हरवेट सुरू होतं आणि २५ ला ओबेसिटी. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी मूळ वर्गवारी तशीच ठेवून २३ आणि २७.५ हे जादा टप्पे सुचवले, म्हणून एखाद्या रिपोर्टवर २५ आणि दुसऱ्यावर २७.५ दिसलं तर गोंधळू नका, पण काळजी घ्यायला सुरुवात २३ पासून, यावर दोन्हीकडे एकमत आहे.

का बरं वेगळे? कारण बीएमआयला फक्त किलो कळतात, ते स्नायूंचे की चरबीचे ते कळत नाही. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो आणि हे आकडे छापून आले. आणि हे जन्मापासूनच असतं असं याज्ञिकांच्या टीमला दिसलं, पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, तरी आपल्या बाळांच्या पाठीवरची कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. वरून बारीक, आतून चरबी. ही चरबी पोटात, आतल्या अवयवांभोवती साठते तेव्हा इन्सुलिनचं काम बिघडतं, म्हणून आपल्याला कमी बीएमआयलाच शुगरचा धोका सुरू होतो.

मग पोट मोजायलाच हवं, आणि तिथे तिसरी चूक. दादा म्हणाला कंबर ३४, म्हणजे ८६ सेंटीमीटर. पण तो पँटचा साइज, आणि पँट पोटाच्या खाली घातलेली असते. बरोबर जागा म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक, दोन्ही बोटांनी चाचपायचं आणि मधोमध पेनाने खूण करायची. टेप जमिनीला समांतर, अंगाला टेकलेली पण रुतलेली नाही, कपड्यांवरून नाही, आणि माप नेहमीसारखा श्वास सोडल्यावर घ्यायचं. "दादा, पोट आत नको ओढूस" हे मला तीनदा सांगावं लागलं. माप आलं ९४. मागून सगळ्यात रुंद भागावर हिप ९७. दोनदा मोजा, एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजा.

आता बघा, पँटच्या मापाने वेस्ट-हिप रेशो ८६ भागिले ९७ = ०.८९, पुरुषांसाठी कटऑफ ०.९० म्हणजे पास. खरा रेशो ०.९७. बायकांसाठी ०.८५. नुसत्या कमरेला भारतीय कटऑफ पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटर, तिथेही दादा वरच.

वजन कमी करताना मात्र रेशोवर विसंबू नका. कंबर ८८, हिप १०० असलेल्या बाईची कंबर ८४ आणि हिप ९६ झाली तरी रेशो ०.८८ च्या आसपासच राहतो, कारण दोन्ही सोबत उतरतात, आणि ती बिचारी नाराज होते. तेव्हा कंबरेचे सेंटीमीटर बघा. गरोदर बाईला यातलं काहीच लावू नका, आणि मुलांसाठी वयानुसार वेगळे तक्ते असतात.

हे आकडे म्हणजे आजाराचं निदान नाही, तपासणी कुणी करून घ्यावी ते त्यातून कळतं. दादाने डॉक्टरांना दाखवून रक्त तपासलं, गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा एचबीए१सी ६.० आला, म्हणजे प्रीडायबिटीस, डायबिटीसच्या आधीची पायरी. पुढचं माप महिन्याने, सकाळी नाश्त्याआधी, त्याच खुणेच्या जागी घ्यायचं ठरलंय.